पानाला भोकं दिसली म्हणजे लगेच औषध? कोबी-फ्लॉवरच्या पानाचा फोटो नीट वाचायचा कसा

थंडी पडायला लागली की माझा मोबाईल पानांच्या फोटोंनी भरतो. कोबी आणि फ्लॉवर करणारे नातेवाईक, ओळखीचे, ओळखीच्यांचे ओळखीचे, सगळे फोटो टाकतात आणि खाली एकच ओळ असते, "काय मारू?" यंदा मामांनी पाठवलेला फोटो तसाच होता. आंबेगाव तालुक्यात त्यांचा 20 गुंठे फ्लॉवर, लागण होऊन 24 दिवस झालेले. फोटो वरून काढलेला, उन्हात, पानाला बारीक बारीक भोकं आणि मधेमधे पांढरं काहीतरी. औषधाच्या दुकानात तोच फोटो दाखवला तर तिथे सांगितलं की अळी पण आहे आणि बुरशी पण आहे, आणि दोन कीटकनाशकं नि एक बुरशीनाशक एकाच पंपात मारायला काढून दिलं. मामा म्हणाले, "अरे पानाची चाळण झालीय, थांबू कशाला?"

मी म्हटलं मामा, फक्त आजचा दिवस थांबा, पान उलटं करा आणि अजून चार फोटो पाठवा. त्या चार फोटोंमुळे सगळं चित्र बदललं, म्हणून हे जरा सविस्तर लिहितोय, कारण फोटो सगळ्यांकडे असतो पण त्यात नेमकं काय बघायचं ते कुणी सांगत नाही.

## आधी खिडकी, मग भोक

कोबीवर्गातल्या पिकांची सगळ्यात चिवट कीड म्हणजे चौकोनी ठिपक्याचा पतंग. शेतकरी त्याला डीबीएम म्हणतात, डायमंड बॅक मॉथ या इंग्रजी नावाची ती आद्याक्षरं. पतंग राखाडी-तपकिरी, सेंटिमीटरभराचाही नसतो, आणि पंख मिटून बसला की पाठीवर शंकरपाळ्यासारखे तीन फिकट आकार ओळीने दिसतात, नाव त्यावरूनच पडलंय. नुकसान मात्र पतंग करत नाही, त्याची अळी करते.

अंडी इतकी बारीक असतात की साध्या मोबाईलच्या फोटोत ती दिसतील ही आशा ठेवू नका. अंड्यातून निघालेली अळी आधी पानाच्या आत शिरते आणि दोन पापुद्र्यांच्या मधलं खाते, तेव्हा पानावर बारीक पांढरट रेघोट्या दिसतात. दोन-तीन दिवसांनी ती बाहेर येऊन पानाच्या खालच्या बाजूला बसते आणि खालून खरवडायला लागते. लहान असते तोवर ती पान आरपार खात नाही, वरचा पातळ पापुद्रा तसाच ठेवते. पान आभाळाकडे धरून बघितलं की तेवढी जागा बटर पेपर लावल्यासारखी चमकते, जणू पानाला छोट्या खिडक्या बसवल्यात.

ही खिडकी फार कामाची आहे. पान वाढत जातं, ताणलं जातं, तो पापुद्रा वाळतो आणि गळून पडतो, मग खिडकीचं भोक होतं. म्हणजे पापुद्रा शाबूत असलेली खिडकी दिसली तर खाणारी अळी एक-दोन दिवसांत तिथेच होती किंवा अजून आहे, आणि कडा वाळलेलं नुसतं भोक दिसलं तर ते बहुतेक जुनं आहे, अळी कदाचित कोषात गेलीय, पतंग होऊन उडूनही गेली असेल. मोठ्या अळ्या सरळ आरपार भोकं पाडतात हे खरं, पण मग त्या भोकाच्या कडा ताज्या हिरव्या असतात आणि आसपास हिरवट काळी बारीक विष्ठा पडलेली दिसते. मामांच्या फोटोतली बरीचशी भोकं खालच्या जुन्या पानांवर होती, कडा तपकिरी झालेल्या. चाळण होती, पण ती मागच्या आठवड्यातली.

अळी सापडली तर ओळखायला सोपी आहे. फिकट हिरवी, दोन्ही टोकांना निमुळती, मागचे दोन पाय इंग्रजी व्ही अक्षरासारखे फाकलेले, पूर्ण वाढली तरी जेमतेम सेंटिमीटरभर. काडीने हळूच शिवलं की ती तडफडल्यासारखी वळवळत मागे सरकते आणि पानावरून उडी मारून रेशमाच्या धाग्याला लटकते. हे वागणं फोटोत येत नाही, म्हणून दहा सेकंदांचा व्हिडिओ काढा, त्या एका व्हिडिओने निम्मी शंका संपते.

## आणि ते पांढरं काय होतं?

दुकानात ज्याला बुरशी म्हटलं ते मी मोठं करून बघितलं तर ती मावा किडीची टाकलेली कात होती. मावा वाढताना चार वेळा कात टाकतो आणि त्या पांढऱ्या पोकळ काती पानावर तशाच चिकटून राहतात, वरून कोंडा भुरभुरल्यासारख्या. बुरशी पानावर पसरलेली, पानाला धरून असते, ही कात मात्र फुंकर मारली किंवा बोट फिरवलं की निघून येते. कोबीवरच्या माव्याची एक जात तर स्वतःच्याच अंगावर राखाडी मेणाची पावडर घेऊन बसते, त्यामुळे अख्खी वसाहत राख सांडल्यासारखी दिसते आणि लोक हमखास भुरी समजून गंधक मारतात.

मावा पान खात नाही, सोंड खुपसून रस पितो, शहाळ्यात स्ट्रॉ घालावी तसा. त्यामुळे त्याच्या फोटोत भोकं शोधूच नका. पान वाटीसारखं वळलेलं, पिवळट पडलेलं, मधल्या कोवळ्या पानांत दाटीवाटीने बसलेले ठिपके, वरून चमकणारा चिकटा आणि काही दिवसांनी त्या चिकट्यावर वाढलेली काजळीसारखी काळी बुरशी, ही त्याची खूण. पानावर मुंग्यांची रांग दिसली तर आधी मावा शोधा, कारण त्या गोड चिकट्यासाठीच त्या येतात.

मावा इतका पटकन का वाढतो हेही लक्षात घ्या. आपल्याकडच्या हवामानात माद्या नराशिवायच थेट पिल्लं घालतात, अंड्याची वाट बघायची गरज नाही, आणि ते पिल्लू आठ-दहा दिवसांत स्वतः आई होतं. म्हणून सोमवारी दोन झाडांवर दिसलेला मावा पुढच्या सोमवारी वाफाभर झालेला असतो.

पण माव्याच्या फोटोत अजून एक गोष्ट बघायची असते जी जवळजवळ कुणीच बघत नाही. हिरव्या-राखाडी माव्यांमध्ये काही फुगलेले, गोल, सोनेरी-तपकिरी आणि अजिबात न हलणारे दिसतात का? ते मेलेले मावे आहेत, आत एका बारीक गांधीलमाशीचं पिल्लू वाढतंय आणि ते पाठीला गोल भोक पाडून बाहेर पडतं. असे तपकिरी दाणे बरेच दिसत असतील तर तुमचं काम दुसरं कुणीतरी आधीच फुकटात करतंय, आणि त्या दिवशी मारलेलं जहाल औषध पहिल्यांदा त्याच मजुराला मारतं.

## यासारखं दिसणारं बाकी

सगळ्या हिरव्या अळ्या डीबीएम नसतात. पाठ उंचावून उंटासारखी चालणारी असेल तर ती उंटअळी. पानाच्या एकाच भागावर बारीक अळ्यांचा घोळका आणि पानाची जाळी झालेली असेल तर ती तंबाखूवरची अळी, तिची अंडी पुंजक्याने असतात आणि वर केसाळ थर असतो, तेवढं एक पान तोडून बुडवून टाकलं तर शेकडो अळ्या एका झटक्यात जातात. आणि बाहेरची पानं चांगली पण मधला शेंडाच जाळ्यात गुंडाळून खाल्लेला असेल तर ती गाभा पोखरणारी अळी, हिच्यात मात्र थांबून चालत नाही, कारण शेंडा गेला की तिथे एका चांगल्या गड्ड्याऐवजी तीन-चार बारके फुटतात आणि ते विकले जात नाहीत.

## फोटो काढायचा तर असा काढा

सकाळी दव सुकल्यावर, ऊन चढायच्या आधी. कोबीच्या पानावर मेण असतं, दुपारच्या उन्हात किंवा फ्लॅशमध्ये ते इतकं चमकतं की पांढरं सगळंच बुरशी वाटतं. पहिला फोटो अख्ख्या झाडाचा, म्हणजे नुकसान जुन्या पानांवर आहे की नव्या ते कळतं. दुसरा पानाच्या खालच्या बाजूचा, जवळून, शेजारी रुपयाचं नाणं ठेवून, नाहीतर फोटो मोठा केल्यावर मावा आणि अळी यांचा आकारच कळत नाही. तिसरा मधल्या शेंड्याचा. चौथा तेच पान आभाळाकडे धरून, खिडक्यांसाठी. आणि मोबाईल पानाच्या फार जवळ नेऊ नका, फोकस सुटतो, वीतभर लांब धरून झूम केलेलं बरं.

मामांच्या चौथ्या फोटोत ताज्या खिडक्या होत्या पण थोड्या. दुसऱ्यात नाण्याशेजारी एक पांढरं, तांदळाच्या कणीएवढं, घट्ट विणलेलं रेशमी काहीतरी होतं, मामांना वाटलं अळीचा कोष आहे, चिरडू का? मी म्हटलं, मुळीच नको. डीबीएमचा कोष जाळीदार असतो, विरळ मच्छरदाणीसारखा, आतला हिरवट-तपकिरी जीव बाहेरून दिसतो. हा घट्ट पांढरा, आतलं काही न दिसणारा होता, तो डीबीएमच्या अळीला आतून खाऊन बाहेर पडलेल्या मित्रकीटकाचा, कोटेशिया नावाच्या छोट्या गांधीलमाशीचा. शेतात त्यांची संख्या आहे हे त्या एका दाण्याने सांगितलं.

## "अहो फोटोत अळी दिसतेय, मग मोजायचं कशाला?"

कारण फोटो एका पानाचा असतो, आणि आपण फोटो नेहमी सगळ्यात वाईट पानाचा काढतो. गावात एक घर पडलं म्हणून अख्खं गाव पाडत नाहीत. फोटो सांगतो कोण आलंय, किती आलेत ते सांगत नाही, आणि औषध मारायचं की नाही ते कितीवर ठरतं.

मामांना सांगितलं, प्लॉटमध्ये नागमोडी चाला, पाच ठिकाणी थांबा, प्रत्येक ठिकाणी चार झाडं, चांगलं-वाईट न निवडता समोर येईल ते. बांधाकडेच थांबू नका, मध्ये पण जा. एकूण 20 झाडं, पानं उलटून अळ्या मोजा. मामींनी वहीत लिहून घेतलं. आकडा आला 17 अळ्या, म्हणजे झाडाला एकसुद्धा पूर्ण नाही. लहान वयाच्या पिकात झाडाला सरासरी 2 अळ्या झाल्या की मग फवारणीचा विचार करायचा असा साधारण ठोकताळा आहे. मावा 20 पैकी 6 झाडांवर होता आणि ती सगळी एकाच बाजूला, जिथे शेजाऱ्यांचा जुना काढून झालेला कोबी तसाच उभा होता.

## "एकदाच जोरदार मारलं की विषय संपला ना?"

हा विषय याच विचाराने वाढला. डीबीएम पिढी बदलायला उबदार हवेत दोन-तीन आठवडेच घेतो, म्हणजे एका पिकात तीन-चार पिढ्या. आपण कणसं निवडताना चांगलं जाड कणीस बियाण्याला ठेवतो ना, तसंच प्रत्येक फवारणीत होतं, फक्त उलटं. औषधाने ज्या मरतात त्या गेल्या, ज्या चार-दोन वाचल्या त्याच पुढच्या पिढीचं बियाणं. अळीला औषधाची "सवय" होत नाही, न मरणाऱ्यांचाच वंश चालतो. तेच औषध सलग मारत राहिलो तर आपणच न मरणाऱ्या अळीचं बियाणं तयार करतोय.

डीडीटीला ही कीड दाद देत नाही हे जावा बेटावर 1953 साली नोंदलं गेलं, आपल्याकडे पंजाबात लुधियानाला 1960 च्या दशकातच अशी नोंद आहे. आणि बीटी म्हणजे जिवाणूपासून बनवलेलं औषध, ज्याच्याबद्दल वाटत होतं की याला कीड कधीच सरावणार नाही, त्यालाही शेतात दाद न देणारी पहिली कीड हीच, हवाईमध्ये, 1990 साली ते प्रसिद्ध झालं. त्यामुळे दुकानातून "हे नवीन आलंय, जबरदस्त आहे" असं ऐकलं की मला आनंद होत नाही, ते किती वर्षं चालेल हे आपण किती वेळा मारतो त्यावर आहे. औषध बदलताना नुसतं कंपनीचं नाव बदलून उपयोग नाही, आतला घटक आणि त्याचा गट बदलायला हवा, लेबलवर घटकाचं नाव असतं ते वाचा. नाव वेगळं आणि आत तेच, असे दोन डबे एकाच पंपात ओतलेले मी बघितलेत.

## मग मामांनी काय केलं

पहिल्या दिवशी माव्याच्या सहा झाडांवरची जास्त भरलेली पानं तोडून पिशवीत भरून बाहेर नेली, आणि अख्ख्या प्लॉटवर 5 टक्के निंबोळी अर्क घेतला. त्याचं माप सोपं आहे. वाळलेल्या निंबोळ्यांच्या आतल्या बियांचा 5 किलो भरडा रात्रभर 10 लिटर पाण्यात भिजवायचा, सकाळी फडक्यातून गाळायचा, त्यात साबणाचं थोडं पाणी घालून एकूण 100 लिटर करायचं आणि त्याच दिवशी संध्याकाळी मारायचं. साबण विसरू नका, मेणाच्या पानावरून पाणी मोत्यासारखं घरंगळतं आणि औषध मातीत जातं. नोझल खालून वर धरून पानाची पाठ भिजवायची, कारण अळी आणि मावा दोघंही तिथेच आहेत.

पाच दिवसांनी परत 20 झाडं मोजली, आता 44 अळ्या, म्हणजे झाडाला 2.2. मावा वाढला नव्हता आणि त्यात तपकिरी दाणे दिसायला लागले होते. आता अळीसाठी बीटी मारलं, लेबलवरच्या मात्रेने, स्टिकर घालून, सूर्य कलल्यावर, कारण उन्हाने ते लवकर निकामी होतं. इथेच पान खाणारी अळी आणि रस पिणारा मावा यांतला फरक कामाला येतो: बीटी पोटात गेलं तरच काम करतं आणि ते पानाच्या पृष्ठभागावर असतं, अळी पानासकट खाते म्हणून मरते, मावा खालून स्ट्रॉ घालून आतला रस पितो, त्याला ते लागतही नाही. माव्याचा फोटो दाखवून बीटी आणलं तर पैसे पाण्यात.

दुसऱ्या दिवशी मामांचा फोन, "अळी जिवंतच आहे रे, औषध बोगस निघालं." बीटी खाल्लेली अळी काही तासांतच खाणं थांबवते, पण मरायला दोन-तीन दिवस घेते, नुसती बसून राहते. पिकाचं नुकसान खाणं थांबलं तेव्हाच थांबलेलं असतं. नवीन खिडक्या पडतायत का तेवढं बघा असं सांगितलं. नव्हत्या पडत.

## "शेजारच्या प्लॉटमधून येणारच, मी एकटा काय करू?"

हे दुःख खरं आहे. शेजारचा काढून झालेला कोबी उभा राहिला की तो नर्सरीच असतो, त्याचे बुडखे नांगरून गाडले गेले पाहिजेत आणि त्यासाठी शेजाऱ्याशी बोलावंच लागतं. आपल्या बांधाच्या आत एक जुना उपाय आहे, सापळा पीक म्हणून मोहरी. बंगळुरूच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेने सुचवलेली पद्धत अशी की कोबीच्या दर 25 ओळींनंतर मोहरीच्या दोन ओळी, एक कोबीच्या लागणीआधी 15 दिवस पेरायची आणि दुसरी लागणीनंतर 25 दिवसांनी, म्हणजे पूर्ण काळ कुठलीतरी मोहरी कोवळी राहते. पतंग आणि मावा तिकडे ओढले जातात आणि फवारणी तेवढ्या ओळींवर करता येते. पण मोहरीवर लक्ष ठेवलं नाही तर तीच किडीचं कोठार होते, आणि दर वेळी तिने सगळं भागतंच असं नाही. 20 गुंठ्यांत जागा जाते म्हणून मामा यंदा तयार नव्हते, मला ते समजतं.

## "ही अळी डोक्यात जाते म्हणे?"

फ्लॉवर चिरताना निघालेल्या हिरव्या अळीचा फोटो आणि खाली "ही मेंदूत जाते" असा मेसेज दर हिवाळ्यात फिरतो. अळी मेंदूत जात नाही, ती पतंगाचं पिल्लू आहे, शिजवताना मरते आणि माणसाच्या शरीरात जगू शकत नाही. मेंदूत गाठी होण्याचा आजार खरा आहे, पण तो डुकराच्या पट्टकृमीच्या अंड्यांमुळे होतो, आणि मैला मिसळलेल्या माती-पाण्यातून ती अंडी कुठल्याही कच्च्या भाजीवर येऊ शकतात, कोथिंबिरीवर, मुळ्यावर, गाजरावर. अळीच्या फोटोशी त्याचा संबंध नाही. फ्लॉवरचे तुरे सुटे करून मिठाच्या कोमट पाण्यात दहा मिनिटं ठेवले की अळ्या आणि मावा वर येतात, मग वाहत्या पाण्यात धुवायचं आणि नीट शिजवायचं. कच्ची सलाड करणार असाल तर पानन् पान सुटं करून धुवा.

उलट अजिबात डाग नसलेला, एकही खिडकी नसलेला कोबी बघून मी विचारतो की शेवटची फवारणी कधी झाली. प्रत्येक औषधाच्या लेबलवर फवारणी आणि काढणी यात किती दिवस सोडायचे ते लिहिलेलं असतं, आणि गड्डा तयार झाल्यावर बाजारभाव बघून घाईत तोडणी होते तेव्हा सगळ्यात आधी हेच दिवस खाल्ले जातात.

मामांनी बीटीनंतर चौथ्या दिवशी मोजलं तेव्हा 20 झाडांवर 11 अळ्या होत्या. त्यानंतर दर पाच दिवसांनी वही चालू राहिली, अजून एकदाच निंबोळी अर्क घ्यावा लागला, आणि दुकानातून आणलेले ते तीन डबे सील न फोडता परत केले. खालच्या पानांवरची जुनी भोकं शेवटपर्यंत तशीच होती. काढणीच्या दिवशी मामींनी फोटो पाठवला, पांढरा घट्ट गड्डा, खाली तीच चाळण झालेली दोन पानं, आणि लिहिलं होतं, "ही पानं गाईला घातली."